निष्कर्ष आधीच लिहिलेली वही

आठवीत विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं, घरून एक स्टीलचं, एक जर्मनचं आणि एक मातीचं भांडं आणा, तळ साधारण सारख्या मापाचे. मी हुशारी करून आदल्या रात्रीच वहीत निष्कर्ष लिहून टाकला, कारण अ‍ॅल्युमिनिअम स्टीलपेक्षा साधारण 13-14 पट चांगला उष्णतावाहक हे वाचलं होतं, म्हणजे जर्मनमधलं पाणी तितक्याच पटीनं लवकर तापणार, हिशोब सोपा.

प्रत्येक भांड्यात 250 मिली पाणी, शेगडी एकच आणि तिचं बटण कुणी हलवायचं नाही, पीटीच्या सरांचं स्टॉपवॉच, थर्मामीटर दोऱ्याने टांगलेला. पहिल्यांदा तो तळाला टेकला आणि आकडा भसकन वर गेला, तेव्हा बाई म्हणाल्या अरे तू पाणी मोजतोयस का भांडं? मग ढवळत परत घेतलं. 28 अंशांवरून 70 ला यायला जर्मनला 3 मिनिटं 40 सेकंद, स्टीलला 3 मिनिटं 50! मला वाटलं स्टॉपवॉच बिघडलं, तीनदा केलं, तेच.

बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही, जर्मनचा आणि स्टीलचा असे दोन चमचे आणवले. मेणबत्तीच्या मेणाने दांड्यावर सारख्या अंतरावर एकेक मुगाचा दाणा चिकटवला आणि उकळत्या पाण्यात उभे केले, वाफ दाण्याला लागू नये म्हणून मधे पुठ्ठा. जर्मनवरचा मूग मिनिटभरात टपकला, स्टीलवरचा दहा मिनिटं झाली तरी जागचा हलला नाही!

म्हणजे फरक होता, पण आमच्या पातेल्यात तो दिसायला जागाच नव्हती. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर, उष्णता तेवढं अंतर स्टीलमधूनही झटकन पार करते, खरा अडथळा ज्वाळेकडून पत्र्यापर्यंत पोचण्यात आणि तो दोघांना सारखाच. चमच्यात मात्र तिला लांबून चालत यावं लागतं. जर्मनच्या भांड्याचे काठ का चटका देतात तेही तेव्हाच कळलं.

मातीचं सांगायचं राहिलंच. पहिलं बोळकं कोरंच शेगडीवर ठेवलं आणि तडकलं, ती चूक माझीच (आजीने बजावलं होतं, नवीन बोळकं रात्रभर भिजव). दुसऱ्याला 70 ला यायला साडेआठ मिनिटं लागली, कारण माती मुळातच वाईट वाहक, शिवाय जाड, आणि झिरपलेलं पाणी बाहेरून वाफ होऊन उष्णता घेऊन जातं ते वेगळंच. पण गॅस बंद केल्यावर स्टीलचा पारा लगेच उतरू लागला आणि बोळक्याचा आणखी 3 अंश चढला, कारण भिंतीत साठलेली उष्णता अजून आत येत होती. माझ्या निष्कर्षात हे कुठेच नव्हतं. बाईंनी ते पान फाडू दिलं नाही, लाल पेनाने एक काट मारली आणि खाली फक्त "मोजून लिही" लिहिलं.