पोर्टल बंद, मुदत संपली

सराफ्यातल्या एका काकांच्या जीएसटी नोटिशीला, म्हणजे डीआरसी-०१ ला, उत्तर द्यायची काल शेवटची तारीख होती. उत्तर तयार होतं, पण दुपारपासून पोर्टलवर ते भरायच्या फॉर्मचं, म्हणजे डीआरसी-०६ चं, पान उघडेचना. लॉगिन व्हायचं आणि पुढे `503 Service Unavailable`.

अशा वेळी नुसता एररचा फोटो पुरत नाही. तुमचंच नेट बंद असेल, असं कुणीही म्हणेल. म्हणून पूर्ण स्क्रीनचा व्हिडिओ घेतला: वर पोर्टलचा पत्ता, खाली तारीख-वेळ, आणि शेजारच्या टॅबमध्ये दुसरी साइट नीट उघडतेय. दर तासाला पुन्हा तेच. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतला. आणि रात्री बाराच्या आत अधिकाऱ्यांना मेल केला, त्यात संपूर्ण उत्तर, व्हिडिओ आणि कलम ७५(५) खाली मुदतवाढीची विनंती. संगणकाचं घड्याळ बदलता येतं, पण मेलची वेळ सर्व्हरवर नोंदली जाते.

पुरेसं कारण दाखवलं तर मुदत मिळते, पण एका प्रकरणात जास्तीत जास्त तीनदा. त्यातली एक संधी अशी वाया जातेय, याचा मला खरंच राग आलाय. मंजुरीची वाट बघत बसणार नाही. पोर्टल सुरू होताच डीआरसी-०६ भरतोय.