लॉगिनची पाऊण ओळ

ड्रिलच्या अहवालाचं पहिलं पान हिरवंगार होतं. कोअर बँकिंग मुंबईहून हैदराबादच्या डीआर साइटवर, म्हणजे आपत्तीत मुंबई बंद पडली तर काम चालवायच्या पर्यायी केंद्रावर, नेलं. आरटीओ २ तास, लागलेला वेळ १ तास १० मिनिटं, निकाल यशस्वी. (हा आरटीओ लायसन्सवाला नव्हे. सेवा बंद पडल्यापासून ती किती वेळात पुन्हा उभी राहायला हवी, ती मुदत.)

मी बँकेच्या अंतर्गत ऑडिटमध्ये आहे. डीआरच्या ऑडिटमध्ये बराचसा वेळ प्लॅनवरच्या सह्या आणि फोन नंबरांच्या यादीत जातो. त्यातले काही नंबर हमखास नोकरी सोडून गेलेल्यांचे निघतात. तेवढं लिहिलं की आम्हीही खूश, आयटीही खूश. या वेळी मी अहवाल मिटून ठेवला आणि तीन गोष्टी मागितल्या: ड्रिलच्या कॉलवर मिनिटामिनिटाला टिपलेल्या नोंदी, डेटाबेसचा अलर्ट लॉग आणि त्या रात्री केलेल्या बदलांची चेंज तिकिटं. अहवाल नंतर शांतपणे लिहिला जातो. या तिघांत रात्र जशी गेली तशी सापडते.

मुंबईतली ॲप्लिकेशन्स रात्री १०:५५ला बंद केली होती. अहवालातलं घड्याळ सुरू झालं ११:४०ला, डेटाबेसला हुकूम दिला तेव्हा. मधला पाऊण तास ‘पूर्वतयारी’. घड्याळ थांबलं १२:५०ला, हैदराबादहून लॉगिनचं पान उघडलं तेव्हा. पान उघडलं, पण त्यातून आत कोणी गेलं नव्हतं. पहिला चाचणी व्यवहार झाला २:२५ला. ग्राहकाच्या बाजूने मोजलं तर साडेतीन तास.

हुकूमही पाहण्यासारखा होता. लॉगमध्ये `ALTER DATABASE SWITCHOVER TO` होतं, `FAILOVER` नव्हतं. स्विचओव्हरमध्ये दोन्ही डेटाबेस जिवंत असतात. मुंबई आपल्याकडचे शेवटचे बदल हैदराबादच्या हाती देते आणि मगच भूमिका सोडते. त्यामुळे ‘डेटाची हानी शून्य’ हा आकडा आधीच ठरलेला होता. खऱ्या आपत्तीत मुंबई असं काही हाती देत नाही. शिवाय शनिवारी रात्री हैदराबादला नेलेलं काम रविवारी सकाळीच मुंबईला परत आणलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२३च्या निर्देशांना पर्यायी साइटवर किमान एक पूर्ण कामाचा दिवस अपेक्षित आहे, दिवस उघडण्यापासून बंद करण्यापर्यंत.

इथवरचं मी आधीही पाहिलं होतं. माझं मन अडकलं १२:५० आणि २:२५च्या मध्ये. नोंदीत पाऊण ओळ होती: ‘लॉगिन इश्यू, रिझॉल्व्ह्ड.’ कसा, ते नाही. तिकिटांत २:०५ची एक फायरवॉलची नोंद सापडली. हैदराबादच्या ॲप सर्व्हरहून मुंबईकडे, पोर्ट ६३६, तात्पुरती परवानगी. ६३६ म्हणजे डिरेक्टरी सर्व्हर, जो कर्मचाऱ्याचं नाव आणि पासवर्ड तपासतो.

डीआरची कॉन्फिग फाइल माझ्यासमोर उघडायला लावली. त्यात मुंबईच्या डिरेक्टरीचा आयपी थेट लिहिलेला. हैदराबादला तिची प्रत चालू होती, पण तिला कोणी विचारतच नव्हतं. आधीच्या ड्रिलमध्ये दोन्ही साइट्समधला रस्ता मोकळा असायचा, म्हणून हे कधी दिसलं नाही. यंदा नेटवर्कवाल्यांनी पहिल्यांदाच तो डेटाबेसच्या प्रतीपुरता ठेवला. फार चांगलं काम. मग त्यातून जे उघडं पडलं, ते झाकायला रात्री दोन वाजता भोक पाडलं! मुंबई खरंच बंद असती तर २:२५च काय, सकाळीही कोणी आत गेलं नसतं.

क्लोजिंग मीटिंगमध्ये आयटीचे प्रमुख म्हणाले, “मॅडम, एक आयपी बदलायचा आहे. पाच मिनिटांचं काम. त्याला हाय रिस्क?”

“ते पाच मिनिटांचं आहे हे शोधायला तुमच्या लोकांना सव्वा तास लागला सर. तेही सगळे जागे, कॉलवर बसलेले असताना.”

रेटिंग हायच राहिलं. आयपी त्याच आठवड्यात बदलला. पुढच्या ड्रिलला दोन साइट्समधली लिंक काढायची आणि तात्पुरता केलेला प्रत्येक उपाय अहवालात लिहायचा, हेही मान्य झालं.

लिफ्टपाशी नेटवर्कचा तो मुलगा थांबला होता. फायरवॉलचं तिकीट त्याचंच. “मॅडम, मी लिहिलं होतं अहवालात. वरून ओळ काढली.” एवढं बोलून तो जिन्याने गेला.

मसुद्याच्या जुन्या आवृत्त्या मागवण्याचा मला अधिकार आहे. मागवल्या असत्या तर ओळ कोणी काढली ते कळलं असतं, आणि मला ते कोणाकडून कळलं हेही सगळ्यांना कळलं असतं. मी मागवल्या नाहीत. माझ्या रिपोर्टमध्ये ‘नोंद अपुरी’ एवढंच आहे.