सबस्क्रिप्शन सापडेना, कारण अकाउंटच दुसरं

बाबांच्या कार्डाच्या स्टेटमेंटवर दर आठवड्याला एक बारीकशी रक्कम कापली जात होती. समोर GOOGLE * आणि पुढे फोन ‘साफ’ करून देणाऱ्या एका ॲपचं अर्धवट नाव. बाबा ठामपणे म्हणाले, “ते ॲप मी केव्हाच काढून टाकलंय.” काढलेलं होतंच. पण ॲप फोनवर असतं आणि सबस्क्रिप्शन अकाउंटवर, त्यामुळे ॲप डिलीट केलं तरी पैसे जातच राहतात. ‘फुकट वापरून बघा’ची मुदत संपली की वसुली आपोआप सुरू होते.

आधीच ठरवलं होतं की फोन बाबांच्याच हातात राहील. मी शेजारी बसून बोट दाखवायचं, पासवर्ड आणि ओटीपी त्यांनी टाकायचे. वेळ जास्त जातो, मला अधूनमधून फोन हिसकावून घ्यावासाही वाटला, पण पुढे हेच कामी आलं.

प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर टॅप, मग Payments & subscriptions, मग Subscriptions. यादी कोरी! बाबांच्या मेलमध्ये Google Play Order Receipt शोधलं, तिथेही एक पावती नाही. स्टेटमेंटवर गूगलचं नाव, पण ना यादीत काही, ना मेलमध्ये पावती. अशा वेळी दुसऱ्या गूगल अकाउंटचा संशय घ्यावा. फोनवर एकाहून जास्त अकाउंट असतील तर त्याच फोटोवर टॅप करून बदलता येतात आणि प्रत्येकाची यादी वेगळी असते. बाबांच्या फोनवर मात्र एकच अकाउंट होतं.

शेवटी त्यांना आठवलं, जुना फोन घेतला तेव्हा एका नातेवाइकाने ‘पटकन’ एक अकाउंट काढून दिलं होतं. पत्ता आठवत नाही, पासवर्ड तर त्यांना कधी सांगितलाच नव्हता. त्या पटकनची किंमत आम्ही इतके महिने भरत होतो!

ॲपवाल्यांना लिहिलं, तर उत्तर आलं की सबस्क्रिप्शन ज्या ईमेलवर आहे तो कळवा. अहो, तोच तर सापडत नाहीये! पुन्हा समजावून लिहिलं, पुन्हा तेच ठरावीक उत्तर. माझा संताप अजून उतरलेला नाही.

मार्ग निघाला तो साइन-इनच्या पानावरच्या Forgot email? मधून. तिथे अकाउंटला जोडलेला मोबाइल नंबर आणि अकाउंटवरचं नाव द्यावं लागतं. नंबर बाबांचाच होता, पण नाव जुळेना. आडनाव गाळून, स्पेलिंग बदलून बघितलं. नातेवाइकाने बाबांचं घरातलं नाव घातलं होतं! ते टाकल्यावर पत्ता समोर आला. मग g.co/recover वरून पासवर्ड बदलायचा. हे मी माझ्या लॅपटॉपवर करायला निघाले होते, पण गूगल स्वतःच सांगतं की नेहमीच्या फोनवरून आणि नेहमीच्या जागेवरून प्रयत्न करा, अनोळखी यंत्रावरून ओळख पटणं अवघड जातं. म्हणून जुना फोन कपाटातून काढून चार्ज केला. ते अकाउंट त्यात होतंच. कोड बाबांच्या नंबरवर आला, त्यांनी टाकला, नवा पासवर्डही त्यांनीच ठरवला आणि मला न दाखवता वहीत लिहिला.

यादीत ते ॲप लगेच दिसलं. रद्द करताना आधी कारण विचारतात, कधी Pause सुचवतात. पॉजवर थांबू नका, काही काळाने वसुली पुन्हा सुरू होते. शेवटचं Cancel subscription दाबल्यावर यादीत सबस्क्रिप्शन कोणत्या तारखेला संपणार ते दिसतं आणि मेल येतो. पैसे भरलेला काळ संपेपर्यंत ॲप चालू शकतं, त्याने घाबरू नये.

हो, मध्येच बाबा म्हणाले होते, “कार्डच बंद करून टाकू.” मीच अडवलं. कार्ड बदलल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही, आणि काही वेळा कार्ड कंपन्या नवा नंबर परस्पर दुकानदाराला पुरवतात, म्हणजे वसुली पुन्हा चालू. आयफोन असेल तर Settings मध्ये वरच्या नावावर टॅप करून Subscriptions बघावं. तिथेही अकाउंट कोणतं आहे ते आधी तपासा. रक्कम कार्डाऐवजी मोबाइलच्या बिलात किंवा बॅलन्समधून जात असेल आणि दोन्ही याद्या कोऱ्या असतील, तर ती सेवा मोबाइल कंपनीकडूनच बंद करून घ्यावी लागते.

गूगलकडे परताव्याची सोपी मुदत खरेदीपासून 48 तासांची असते, त्यानंतर ॲपवाल्यांच्या मर्जीवर. त्यांनी एक पैसा दिला नाही. बाबांनी मग प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीआधी पडताळणी लावून घेतली, स्वतःच्या बोटाच्या ठशाने. पुढचं स्टेटमेंट त्यांनीच तपासलं आणि ती ओळ नाही हे मला फोन करून कळवलं.