तुम्ही विचारलंत म्हणून: पोटठेकेदाराचे पैसे कोणाकडे?

"आम्ही पोटठेकेदार. काम पूर्ण केलं, पण मुख्य ठेकेदार बिल देत नाही. ज्या मालकाची इमारत आहे त्याच्यावरच थेट दावा लावता येईल का?"

बहुतेक वेळा येत नाही. समजा, चाकणच्या एका कारखान्यातील वायरिंगचे 24 लाखांचे काम तुम्ही केलेत आणि त्यातले 9 लाख थकले आहेत. मालकाचा अभियंता रोज साइटवर होता, मोजमापांवर त्याच्या सह्या आहेत आणि ती वायरिंग आज मालकच वापरतो आहे. तरीही वर्क ऑर्डर मुख्य ठेकेदाराने दिली असेल, तर वचन त्याचे आहे आणि मालक त्या कराराबाहेरचा राहतो. आपल्या 1872 च्या करार कायद्यात मोबदला तिऱ्हाइताकडून आला तरी चालतो, पण कराराच्या आधारे दावा मात्र पक्षकारालाच लावता येतो.

"पण मालकाने दोन बिले थेट आमच्या खात्यात भरली होती," असे मला हमखास सांगितले जाते. नेमका हाच प्रश्न 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ओएनजीसीचे काम हिंदुस्तान शिपयार्डने घेतले होते, त्यातला भाग एस्सार ऑइलकडे सोपवला होता, आणि शिपयार्डच्या विनंतीवरून ओएनजीसीने एस्सारला थेट पैसेही दिले होते. ती व्यवस्था केवळ सोयीसाठी होती, तिच्यामुळे ओएनजीसी आणि एस्सार यांच्यात करार निर्माण झाला नाही, आणि देणे शिपयार्डचेच आहे, असे न्यायालयाने ठरवले. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण एकाच कामाचे पैसे दोघांकडून मागितले जाण्याची टांगती तलवार मालकावर असू नये. मालकाने स्वतःच्या सहीने "या ठेकेदाराने दिले नाहीत तर आम्ही देऊ" असे तुम्हाला लिहून दिले असेल, तर मात्र ते त्याचे स्वतंत्र वचन ठरू शकते. म्हणून मी आधी पत्रव्यवहाराची फाइल मागतो.

हीच भिंत तुमच्या बाजूनेही उभी असते. मूळ करारातील विलंबाचा दंड मालक तुमच्याकडून थेट वसूल करू शकत नाही. मुख्य ठेकेदार मात्र, वर्क ऑर्डरमध्ये "मूळ कराराच्या अटी लागू" असे लिहिलेले असेल, तर त्या अटी तुमच्यावर लादू पाहील. त्यामुळे मूळ करार न वाचता त्या ओळीखाली सही करू नका, आणि "मालकाकडून पैसे आल्यावर देऊ" या वाक्यापुढे एक शेवटची तारीख लिहून घ्या.

आणि एक गोष्ट मला फार सलते. मालकाच्या कचेरीत खेटे घालताना मुदत संपते. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा काम झाल्यापासून 3 वर्षांत लावावा लागतो. मालकाला पाठवलेल्या पत्रांनी मुख्य ठेकेदाराविरुद्धची ही मुदत वाढत नाही. मुदतीच्या आत त्याने स्वतः देणे लेखी कबूल केले, तर ती त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते, म्हणून थकबाकीच्या हिशोबावर त्याची सही आजच घ्या.