तुम्ही विचारलंत म्हणून: एका रुपयाचे दोन तास

"मॅडम, नातू दोन मिनिटांत पैसे पाठवून देते. तुम्ही एका रुपयासाठी म्हाताऱ्या माणसाइले दोन-दोन तास काऊन बसवता?"

मी म्हाताऱ्या मंडळींना फोनवरून यूपीआयने पैसे पाठवायला शिकवते, सराव एका रुपयाचा; त्यावरून आलेला हा प्रश्न. नातू दोन मिनिटांत पाठवतो, कारण पिन त्यालाच ठाऊक असतो. अनेक घरांत पिन ठरवलेलाही त्यानेच. आजीच्या खात्यात श्रावणबाळ योजनेचे पैसे येतात, फोनही तिचा, पण तिचे चार आकडे तिला माहीत नसतात. हे सोयीचं आहे, मान्य. नातू बहुतेक वेळा चांगलाच असतो, हेही मान्य. पण तो पुण्याला कामाला गेला की आजी पुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात फोन देते आणि तोंडाने पिन सांगते. हे मी औषधाच्या दुकानात, चारचौघांसमोर झालेलं पाहिलं आहे.

दोन तास कुठे जातात ते सांगते. सुरुवात अक्षरांपासून होते. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार आणि स्क्रीनवरच्या सगळ्याच गोष्टींचा आकार, असे दोन वेगळे पर्याय असतात. घरची मुलं प्रेमाने दोन्ही शेवटपर्यंत ओढून ठेवतात. मग पैसे पाठवायच्या पानावर समोरच्याचं नाव अर्धं कापलं जातं, पुढे तीन टिंबं दिसतात, आणि खालचं बटण पडद्याबाहेर जातं. मावशी म्हणतात, "बटनच नाही बाई याच्यात." म्हणून मी अक्षरं मोठी करते, दुसऱ्या पर्यायाला हात लावत नाही, आणि पैसे पाठवायचं पान उघडून पूर्ण नाव दिसतं का ते बघते. नाव कापलं जात असेल तर अक्षरं एक घर लहान. मोठं अक्षर हवं ते नाव वाचायला, आणि नावच दिसत नसेल तर त्याचा उपयोग काय?

त्यातही अडचण आहे. ॲप मराठीत केलं तरी समोरच्याचं नाव बँकेतून येतं, आणि ते इंग्रजी अक्षरांत असतं. चौथीपर्यंत मराठी शिकलेल्या बाईने ते वाचायचं कसं? आम्ही वहीत चारच नावं लिहितो: किराणा, मेडिकल, गिरणी, मुलगी. डावीकडे मराठीत, उजवीकडे पडद्यावर येतं अगदी तसं इंग्रजीत, ठळक. मग वही फोनशेजारी धरून एकेक अक्षर बोटाने जुळवायचं. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि खात्यावर मालकाच्या बायकोचं, असं गावात सर्रास असतं. म्हणून पहिल्यांदा दुकानदारालाच विचारून लिहून घ्यायचं. यालाच वेळ लागतो. लागू द्या.

नोंदणीत तर अर्धी मंडळी अडकतात. खातं जोडताना फोन आपल्याच सिममधून एक एसएमएस पाठवतो. बँकेत नोंदवलेला नंबर त्याच फोनमध्ये हवा आणि एसएमएस जाण्याइतका रिचार्जही हवा. नुसता आलेला फोन घेण्यापुरतं सिम जिवंत ठेवलेलं असलं की इथेच गाडी थांबते. बँकेत नंबर मुलाचा निघाला, तर त्या दिवशी आमचं काम संपलं. आधी बँकेत जाऊन नंबर बदलायचा. त्यासाठी कुणावर चिडून उपयोग नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी हट्टाला पेटले, ती. दारव्हा तालुक्यातले एक काकाजी. तीन-चार एकर कापूस, वय सत्तरीच्या पुढे. ते एका घाईच्या शिबिरात शिकले होते. सभागृह भरून माणसं, पुढे एक पोरगा माईकवर, आणि त्यांच्या लक्षात राहिलं ते एकच वाक्य: चौकटी आल्या की पिन टाकायचा. पुढे त्यांना फोन आला. पीकविम्याचे अमुक इतके रुपये आले आहेत, मोबाइलवर सूचना येईल, ती उघडून पिन टाका. सूचना खरंच आली. ती पैसे मागणारी विनंती होती. पानावर "Pay" असं बटण होतं, रक्कम होती, आणि शेऱ्याच्या जागी मागणाऱ्यानेच टाइप केलेलं "Pik Vima". काकाजींना त्यातली रक्कम वाचता आली, आणि ती फोनवर सांगितली तेवढीच होती. त्यामुळे विश्वास आणखी पक्का झाला. त्यांनी पिन टाकला.

खात्यात फवारणीच्या औषधासाठी ठेवलेले पैसे होते. काकाजींनी दोन दिवस घरात सांगितलं नाही. मुलाला कळलं ते कृषी केंद्रात, पैसे देताना. त्याने तिथेच, लोकांसमोर, बापाच्या हातून फोन घेतला. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली तोवर उशीर झाला होता. लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवून ठेवता येते; ती काढून घेतल्यावर अडवणार काय? नंतर ते माझ्याकडे आले, बाजूला बसले आणि म्हणाले, "मले फक्त ते पान दाखवा. म्या काय वाचाचं रायलं होतं?"

मी त्यांना दाखवलं. बटणावरचा तो एक शब्द दाखवला. पिनच्या पानावर वर, चौकटींच्या आधी, कुणाला आणि किती जाणार ते लिहिलेलं असतं, तेही दाखवलं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, बाकी बघणं सोडलं तर पिन म्हणजे आपल्या खात्यातून पैसे जाणार, हे सांगितलं. काकाजी बराच वेळ तेच पान बघत होते.

1 ऑक्टोबर 2025 पासून एका माणसाने दुसऱ्याला अशी विनंती पाठवणं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंद केलं. चांगलं झालं. पण आता तोच आवाज म्हणतो, "हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील." स्कॅन केलं की पुढे तेच पिनचं पान. म्हणून आमच्याकडे मावशी शेजारच्या काकाजींना एक रुपया पाठवतात, आणि पिनआधी थांबून मोठ्याने म्हणतात: कोणाले, किती, जाते का येते. तिन्ही उत्तरं आली की मगच पिन. मग काकाजी तोच रुपया परत पाठवतात.

एके काळी मीच म्हणायची, या वयात रोखच बरी, कशाला धोका. ती बाजू मला आजही खोटी वाटत नाही. पण रोखीसाठी बँकेच्या गावाला जायचं तर एसटीचं भाडं आणि अख्खा दिवस जातो, आणि त्या एटीएममध्येही मावशी पिन दुसऱ्यालाच सांगतात.

आता नवा पेच यूपीआय लाइटचा आहे. लाइट म्हणजे ॲपमध्येच थोडे पैसे वेगळे काढून ठेवायची सोय. त्यात एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात, आणि त्यात 5,000 पेक्षा जास्त ठेवताच येत नाहीत. थरथरत्या बोटांना हे फार सोपं, आणि गेलंच तर तेवढंच जाईल. पण मग मी इतक्या कष्टाने पक्कं केलेलं "पिन म्हणजे पैसे जाणार" याचं काय? पिन न टाकताही पैसे जातात, हे त्याच माणसांना पुढच्या आठवड्यात कसं सांगू? काही जणींना मी लाइट सुरू करून दिलं, त्यात दोनशेच रुपये ठेवून. काहींना नाही दिलं. कुणाला द्यायचं याचा नियम माझ्याकडे नाही. वही जुळवताना त्यांचं बोट कुठे थांबतं ते बघते आणि तेवढ्यावर ठरवते.

काकाजींनी लाइट नको म्हटलं. त्यांच्या कापसाचे पैसे खात्यात येतात, ते बाकी बघतात आणि फोन खिशात ठेवतात. मुलगा विचारतो, मग शिकून काय झालं? मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.