रात्रीची धडधड: सुरुवात कशी, शेवट कसा

"डॉक्टरसाहेब, रात्री एकदम जाग येते आणि छाती नुसती धडधड करायलेली असते. ईसीजी नॉर्मल निघाला. मग हे टेन्शन म्हणायचं, पित्त म्हणायचं, का हार्टचं काही आहे?"

आधी त्या नॉर्मल ईसीजीबद्दल. त्या कागदावर हृदयाचे जेमतेम दहा सेकंद उमटलेले असतात, तेही सकाळच्या ओपीडीत, धडधड नसताना. हृदयाला जुनी इजा असेल किंवा विजेची एखादी जन्मजात जादा वाट असेल, तर तो पुष्कळदा सांगतो, म्हणून काढायचाच. पण रात्री तीनला काय झालं याची साक्ष तो देऊ शकत नाही. ती साक्ष तुम्हीच देऊ शकता, आणि त्यासाठी उशाशी वही, पेन्सिल आणि सेकंदकाटा दिसणारं घड्याळ पुरतं.

वहीत दोन प्रकारच्या नोंदी करा. पहिली रोज, झोपताना, एका ओळीची: किती वाजता जेवलो, काय जेवलो, किती वाजता आडवं झालो. जाग न आलेल्या रात्रीही ही ओळ हवीच. लोक नेमकं हेच गाळतात. फक्त वाईट रात्री लिहिल्या तर उशिरा जेवणं हेच कारण वाटतं. पण तितक्याच उशिरा जेवून शांत झोपलेल्या रात्री मोजल्याशिवाय ते ठरत नाही.

दुसरी नोंद जाग आली त्याच रात्रीची. किती वाजले, सगळ्यात आधी काय जाणवलं (जळजळ, भीती का नुसती धडधड), नाडी किती, ठोके सारख्या अंतराने पडतात का, आणि ते थांबलं कसं, हळूहळू का एकदम. नाडी अंगठ्याने बघू नका, त्याचे स्वतःचेच ठोके लागतात. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. ठोके वेडेवाकडे लागले तर पूर्ण मिनिट मोजा आणि शेजारी "अनियमित" लिहा. फार वेगात मोजता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी त्याच तालात मांडीवर टिचक्या मारून दाखवा. तेवढ्यावरूनही मला बरंच कळतं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी नाडीच्याही आधी ग्लुकोमीटर लावायचा. साखर सत्तरच्या खाली असेल तर आधी ग्लुकोज किंवा साखर पोटात जाऊ द्या, वही नंतर.

आता त्या नोंदी वाचायच्या कशा. पित्ताची जाग बहुधा झोपल्यावर दोन-तीन तासांत येते. बरगड्यांच्या मधल्या हाडामागे जळजळ, घशाशी आंबट पाणी, कोरडा खोकला आणि मग धडधड, असा क्रम असतो. नाडी नव्वद-शंभरच्या आसपास, ठोके सारखे. उठून बसलं की उतार पडायला लागतो. भीतीचा झटकाही बऱ्याचदा झोपेच्या पहिल्या काही तासांतच येतो, आणि वाईट स्वप्न न पडता येतो. म्हणून "मला तर कसलंच टेन्शन नाही" या वाक्याने तो बाद होत नाही. श्वास अपुरा वाटतो, हातापायांना मुंग्या येतात, आता मी जातो असं वाटतं. पाच-दहा मिनिटांत तो शिगेला पोचतो आणि मग ओसरत जातो. नाडी शंभर ते एकशेतीसपर्यंत जाते, पण चढतेही हळू आणि उतरतेही हळू.

ठोक्यांच्या तालाचा बिघाड मात्र बटन दाबल्यासारखा चालू होतो आणि तसाच बंद होतो. मला विचाराल तर सगळ्या वहीत शेवटाचा रकाना सगळ्यात मोलाचा आहे. सुरुवात झोपेत निसटते, शेवट माणूस जागेपणी अनुभवतो.

हिंगोलीकडच्या एका ताईंची वही सांगतो. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. वय छेचाळीस, शेती, दातांना मिश्री. आधी एका ठिकाणी टेन्शन ठरवून झोपेची गोळी दिली होती. दुसरीकडे पित्त म्हणाले. वहीत दोन वेगळ्याच कहाण्या निघाल्या. एका नोंदीत: शेताची थ्री-फेज लाईट रात्री आली, मोटर चालू करून यायला पावणेदहा, मग भाकरी-ठेचा, दहाला आडवं, साडेबाराला जाग. आधी जळजळ, नाडी ९६, सारखी. बसून राहिल्यावर वीसेक मिनिटांत हळूहळू कमी. उशिराच्या जेवणानंतर अशा नोंदी भरपूर होत्या, लवकर जेवलेल्या रात्री जवळजवळ नाहीत.

दुसरी नोंद: साडेसातला जेवण, दहाला झोप, तीन वाजून पाच मिनिटांनी जाग. जळजळ नाही. आधी धडधड, भीती नंतर. पंधरा सेकंदांत ४६ ठोके, म्हणजे मिनिटाला १८४, सारख्या अंतराने. तीन सत्तावीसला थांबलं. शेजारी त्यांनी लिहिलं होतं, "एकदमच बंद पडलं. नंतर दोनदा लघवीला लई झाली."

इथे पित्त आणि टेन्शन दोन्ही मागे पडतात. २२० मधून वय वजा केलं की भर धावताना नाडी साधारण किती जाईल याचा ढोबळ आकडा मिळतो. ताईंचा १७४. अंथरुणात पडून भीतीने १८४ होत नाही. लघवीचंही कारण आहे: हृदयाचे वरचे कप्पे असे ताणले गेले की ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतात. हे वरच्या कप्प्यांच्या बाजूने सुरू होणाऱ्या जलद तालाचं, म्हणजे एसव्हीटीचं चित्र होतं. टेन्शनचा शिक्का घेऊन वर्षानुवर्षं फिरणारे असे रुग्ण पुष्कळ असतात, त्यात बायका जास्त.

पण वही म्हणजे निदान नव्हे. तिने ठरतं ते पुढची तपासणी कोणती. ताईंना ही जाग महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी येई, त्यामुळे होल्टर, म्हणजे अंगावर बांधून चोवीस तास ईसीजी टिपणारं यंत्र, लावला असता तर बहुधा कोराच निघाला असता. म्हणून मी थायरॉईडची टीएसएच, हिमोग्लोबिन, पोटॅशियम करून घेतलं आणि सांगितलं, पुन्हा झालं की मला फोन करण्याआधी जवळच्या दवाखान्यात जाऊन धडधड चालू असतानाच ईसीजी काढा आणि ती पट्टी हातची सोडू नका. ती पट्टी मिळाली तेव्हा वाद संपला.

काही गोष्टींत वही उघडायचीच नाही. छातीवर दाब येऊन तो हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम सुटला, चक्कर येऊन पडलात, दम लागला, किंवा दीडशेच्या वरची नाडी पंधरा-वीस मिनिटांत उतरत नसेल, तर थेट १०८. आपल्याकडे हार्ट अटॅक "पित्त असेल" म्हणत सोडा पिऊन रात्रभर घरी काढला जातो, विशेषतः शुगरच्या पेशंटमध्ये, ज्यांना दुखतं कमी. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर वही भरायची वाट न पाहता हृदयरोगतज्ज्ञ गाठा. नाडी वारंवार अनियमित लागली तरीही लवकर ईसीजी करा, साठीनंतर तर नक्कीच; त्या तालात हृदयात गुठळी होऊन लकवा मारू शकतो.

ताईंचं मोठ्या शहरात कॅथेटरने ॲब्लेशन झालं, म्हणजे शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन बिघाड करणारी विजेची वाट जाळून बंद केली. तीनची जाग गेली. पित्तासाठी पलंगाचं डोकं विटांवर सहा इंच उचललं, मिश्री निम्म्यावर आली, जेवण मोटर चालू करायला जायच्या आधी. थ्री-फेज लवकर आली की हा क्रम अजून बिघडतो, आणि त्या रात्रीच्या नोंदीत जळजळ येते, नाडी नव्वदच्या घरात.