ज्युनियर टेस्टरची मुलाखत : प्रश्नांना एक दुपार पुरते, प्रात्यक्षिकाचं तसं नाही

आमच्या टीममध्ये ज्युनियर क्यूएची जागा निघाली आणि मुलाखतीची तयारी माझ्याकडे आली. एचआरने नेहमीची प्रश्नावली पाठवली होती: सिव्हिअरिटी आणि प्रायॉरिटी यांत फरक काय, स्मोक आणि सॅनिटी म्हणजे काय, बग लाइफ सायकल सांगा. ही यादी मी सरळ बाजूला ठेवली. टेस्टिंगचा कोर्स केलेल्या कुणालाही ही उत्तरं पाठ असतात, आणि ‘प्रायॉरिटी जास्त पण सिव्हिअरिटी कमी’ याचं उदाहरण विचारलं की होमपेजवर कंपनीचं नाव चुकलंय हेच उत्तर येतं. पाठांतर वाईट नाही. पण त्यावरून हा माणूस स्क्रीनसमोर बसल्यावर काय करेल ते कळत नाही.

मी तोंडी प्रश्न तीनच ठेवले. पहिला: तुम्ही बग टाकला, डेव्हलपर म्हणतो ‘माझ्या मशीनवर चालतंय’, आता पुढे काय कराल? चांगल्या उत्तरात बिल्ड नंबर, ब्राउझर, वापरलेला डेटा, लॉगिन कोणत्या भूमिकेचं होतं, असल्या गोष्टी आपसूक येतात. ‘मॅनेजरला सांगेन’ हे उत्तर आलं तर ‘त्याआधी काय?’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. दुसरा: रेझ्युमेवरच्या प्रोजेक्टमध्ये तुमचा कोणता बग नाकारला गेला, आणि कोणत्या कारणाने? एकाच क्लासच्या मुलांच्या रेझ्युमेवर तीच डेमो शॉपिंग साइट असते. खरंच हाताळलेल्याला मात्र नाकारलेला बग आठवतो, कारण तो झोंबलेला असतो. तिसरा प्रश्न प्रात्यक्षिकानंतर विचारायचा, तो पुढे सांगतो.

आता खरी कटकट. प्रात्यक्षिकासाठी आमच्याच उत्पादनाची स्टेजिंग साइट वापरू, असं सगळ्यांचं मत पडलं. त्यासाठी आयटीकडे तिकीट टाकावं लागतं आणि त्या फॉर्ममध्ये एक सक्तीचा रकाना आहे: वापरणाऱ्याचा एम्प्लॉयी आयडी. ज्याला अजून नोकरीच दिलेली नाही त्याचा एम्प्लॉयी आयडी! रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नाही, माझा टाकला तर ‘दुसऱ्यासाठी अॅक्सेस मागता येत नाही’ म्हणून तिकीट बंद. फोन केला की ‘तिकीट टाका’. या फॉर्मची टेस्टिंग कुणी केली असेल, हा प्रश्न मी अजून मनात बाळगून आहे.

मागे वळून पाहता तो नकार पथ्यावरच पडला. स्टेजिंगवरचं उत्पादन समजून घेण्यातच नव्या माणसाची वीस मिनिटं जातात, आणि तिथले बग आपल्या हातात नसतात. त्यापेक्षा स्वतःचं एक पान बनवावं. एकच एचटीएमएल फाइल, सर्व्हर नाही, इंटरनेट नाही, डबल क्लिक केलं की उघडते. विषय असा घ्यावा की नियम समजावायला वेळ जाऊ नये. मी एसटीच्या सवलतीचं भाडं घेतलं. लहान मुलांचं अर्धं तिकीट सगळ्यांना ठाऊक असतं, २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे आणि २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं आहे. पानावर वयाचा रकाना, स्त्री-पुरुष निवड आणि ‘भाडे दाखवा’ हे बटण. मूळ भाडं सरसकट २०० रुपये, म्हणजे निम्मं काढण्यात कुणाचं डोकं अडकत नाही.

नियम मी कागदावर छापून देतो. पाच वर्षांखाली मोफत. पाच पूर्ण झाल्यापासून बारा पूर्ण होईपर्यंत निम्मं. ६५ ते ७५ निम्मं. ७५ वर्षांवरील मोफत. महिलांना निम्मं. एका प्रवाशाला एकच सवलत, जी जास्त असेल ती. यात एक वाक्य मुद्दाम अर्धवट ठेवलं आहे: ७५ पूर्ण होऊन सहा महिने झालेला माणूस कुठल्या गटात? रकान्यात तर पूर्ण वर्षंच लिहायची आहेत. हा बग नाही, ही विचारण्याची जागा आहे. जो विचारतो त्याला सांगायचं की ७५ लिहिलं तर निम्मं धरा. जो न विचारता बग म्हणून लिहितो त्याचे गुण कापायचे नाहीत, पण विचारणाऱ्याला जास्त द्यायचे.

पानाचा गाभा एवढाच आहे:

```js
let v = Number(vay);
let bhade = 200;
if (v < 5 || v > 75) bhade = 0;
else if (v < 12 || v > 65) bhade = 100;
if (stri) bhade = bhade / 2;
```

यात पेरलेले बग दोन. ६५ वर्षांच्या माणसाला सवलत मिळत नाही, कारण `v > 65` आहे, `>=` हवं. आणि महिलेला दोन सवलती एकावर एक लागतात: ६६ वर्षांच्या बाईंना १०० च्या जागी ५० रुपये. याशिवाय दोन बग पानावर आहेत: वय बदललं तरी बटण दाबेपर्यंत आधीचं भाडं तसंच दिसत राहतं, आणि ‘ज्येष्ठ’ हा शब्द एका ठिकाणी चुकीचा छापलाय. शेवटचा अगदी सोपा आहे. घाबरलेल्या मुलाला पहिल्या दोन मिनिटांत काहीतरी सापडलं की त्याचा हात सुटतो, म्हणून तो ठेवला. चारच्या वर जाऊ नका. दहा बग पेरले की उमेदवार वरवरचे दिसणारे टिपत बसतो आणि सीमेवरच्या वयांपर्यंत पोचतच नाही.

पण चार बग पेरले म्हणजे चारही सापडू शकतात, असं नाही. समजा पान उघडलं की ‘स्त्री’ आधीच निवडलेलं आहे. उमेदवाराने ६५ टाकलं. चुकीच्या अटीमुळे ज्येष्ठाची सवलत लागली नाही, पण महिलेची लागली, आणि भाडं आलं १००. कागदावरच्या नियमानेही उत्तर १०० च आहे. म्हणजे ६५ ची चूक महिलेच्या सवलतीने झाकली गेली, आणि दुहेरी सवलतीची चूकही ६५ वर दिसली नाही, कारण तिथे पहिली सवलत लागतच नाही. सीमेचं वय अचूक निवडणाऱ्या हुशार उमेदवाराला इथे काहीच सापडत नाही, आणि ६८ असं कुठलंही वय टाकणाऱ्याला सापडतं. प्रात्यक्षिक नेमकं उलटं मोजायला लागतं. उपाय सोपा आहे: सुरुवातीला स्त्री-पुरुष काहीच निवडलेलं ठेवायचं नाही, आणि निवडल्याशिवाय बटण चालू द्यायचं नाही. तरीही पेरलेल्या प्रत्येक बगाची दुसऱ्या प्रत्येकाशी जोडी लावून, एकाने दुसरा झाकला जात नाही ना, हे कागदावर तपासा. चार बगांच्या सहाच जोड्या होतात, म्हणून चार बरे.

दुसरी गोष्ट न पेरलेल्या बगांची. वयाचा रकाना रिकामा ठेवून बटण दाबा. जावास्क्रिप्टमध्ये `Number("")` म्हणजे शून्य, शून्य हे पाचपेक्षा कमी, म्हणून तिकीट मोफत! वजा तीन टाकलं तरी मोफत. आणि देवनागरीत ‘७०’ लिहिलं तर आकडाच ओळखला जात नाही, सगळ्या तुलना खोट्या ठरतात आणि आजोबांना पूर्ण २०० रुपये लागतात. (रकाना साधा मजकुराचा असेल तरच हे देवनागरीचं करून बघता येतं. `type="number"` दिलं तर ब्राउझर असे आकडे बहुधा आधीच अडवतो आणि गंमत जाते.) हे बग मी दुरुस्त केले नाहीत. गुणपत्रकात मात्र ‘आमच्या यादीत नसलेले’ म्हणून चार कोऱ्या ओळी हव्यातच. त्या नसल्या की पॅनेलवरचा डेव्हलपर छापील यादीकडे बघून ‘हा आपला बग नाही’ म्हणत पुढे सरकतो, आणि सगळ्यात चांगली नजर असलेल्या मुलीला शून्य मिळतं.

गुण देण्यावरूनही वाद होतोच. बग मोजून गुण द्यावेत असं डेव्हलपर मंडळींना वाटतं. माझं मत वेगळं आहे. वीस गुणांपैकी नियम वाचून विचारलेल्या प्रश्नांना पाच, निवडलेल्या वयांना सहा, लिहिलेल्या बग रिपोर्टला सहा आणि शेवटच्या चर्चेला तीन. वयं बघण्यासाठी उमेदवाराला कोरा कागद द्यायचा आणि टाकलेलं प्रत्येक वय लिहायला सांगायचं. ४, ५, ११, १२, ६४, ६५, ७५, ७६ अशी ओळ दिसली की समजायचं याला सीमा कळतात. १०, २०, ३०, ४० असेल तर नाही कळत, मग बग कितीही सापडोत.

बग रिपोर्ट एकच लिहून घ्यायचा, पण पूर्ण. ‘वयाची व्हॅलिडेशन बरोबर नाही’ हे मथळ्यात चालत नाही. ‘पुरुष, वय ६५ : भाडे २०० दिसते, १०० अपेक्षित’ हे चालतं. इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी हरकत नाही, मराठीत लिहू द्या. पायऱ्या वाचून दुसऱ्या माणसाला तोच बग दिसतो का, हे पॅनेलमधल्या कुणीतरी तिथल्या तिथे करून बघायचं.

राहिलेला तिसरा प्रश्न तेव्हाच विचारायचा: संध्याकाळी रिलीज आहे, यातला एकच बग दुरुस्त होईल, कोणता निवडाल? ६५ च्या आजोबांकडून जास्त पैसे घेणं थांबवावं, की रिकाम्या रकान्यावर मोफत तिकीट जाणं? दोन्ही उत्तरं चालतात. ‘एसटीत कंडक्टर वय बघूनच तिकीट देतो, रकाना रिकामा सोडेल कशाला’ असं एखादा म्हणाला, तर तो वापरणाऱ्याचा विचार करतोय. ‘दोन्ही हाय प्रायॉरिटी’ हे उत्तर मात्र मी धरत नाही.

वेळेचं आधीच सांगायला हवं होतं. वाचायला आणि प्रश्नांना पाच मिनिटं, टेस्टिंगला वीस, रिपोर्टला दहा. त्यापूर्वी टीममधल्या कुणाकडून तरी एकदा करून घ्या, पण पान बनवताना शेजारी बसलेल्याकडून नको. अनुभवी टेस्टरला टेस्टिंगसाठी दहा मिनिटांच्या वर लागली तर ज्युनियरला वीस पुरणार नाहीत.

उमेदवार `Ctrl+U` दाबून कोड वाचू लागला तर अडवू नका, उलट विचारा काय दिसलं. फक्त कोडमध्ये `// bug 2` अशा टिपा राहिलेल्या नाहीत ना, ते बघा. आणि पानाच्या दोन आवृत्त्या ठेवा, एकीत सीमेची चूक ६५ वर, दुसरीत १२ वर. सकाळच्या मुलाखतीतले प्रश्न दुपारपर्यंत क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचलेले असतात. आवृत्ती बदलली की झाकाझाकी पुन्हा तपासावी लागते: बाराव्या वर्षालाही निम्मं लागेल अशी चूक ठेवली तर ‘स्त्री’ निवडल्यावर भाडं ५० येतं, आणि ती दुहेरी सवलतीचीच चूक वाटू शकते.

लॅपटॉप एकच असेल तर प्रत्येकाला नवी इनकॉग्निटो विंडो उघडून द्या. नाहीतर वयाच्या रकान्यात क्लिक करताच ब्राउझर आधीच्या उमेदवाराने टाकलेली वयं खाली यादी करून दाखवू शकतो, ६५ आणि ७५ सकट.